एन्क्रिप्ट केलेली फाइल की सीक्रेट मॅनेजर?

अ‍ॅपचे पासवर्ड आणि किल्ल्यांसारखी गुपिते कोठे ठेवावीत, हा निर्णय स्थानिक संगणकापुरता सोपा आहे. प्रत्येकाने आपली `.env` फाइल स्वतःकडे ठेवावी, तिचे नाव `.gitignore` मध्ये असावे आणि रिपॉझिटरीत केवळ चलांची नावे असलेली `.env.example` जावी. मात्र आधीच ट्रॅक होत असलेल्या फाइलला `.gitignore` रोखत नाही, म्हणून पुढील कमांड एकदा चालवून पाहावी.

```
git log --all --full-history --oneline -- .env
```

एखादी कमिट दिसली, तर तिच्यातील गुपिते फुटली असे धरून ती बदलावीत. फाइल नंतर काढली तरी इतिहासात उरतेच.

खरी निवड स्टेजिंग आणि प्रॉडक्शनसाठी करावी लागते. `sops` हे साधन वापरल्यास फाइलमधील मूल्ये एन्क्रिप्ट होतात, चलांची नावे वाचता येतात आणि फाइल रिपॉझिटरीतच राहते; ज्यांना सांकेतिक रूपातही गुपिते तेथे नकोत, त्यांच्यासाठी हा पर्याय येथेच संपतो. व्हॉल्टसारखा सीक्रेट मॅनेजर मूल्ये स्वतःकडे ठेवतो आणि ओळख पटल्यावर अ‍ॅपला देतो.

प्रॉडक्शन डेटाबेसचा पासवर्ड पाहू शकणारा सहकारी संघ सोडून गेला, की दोहोंतील फरक उघड होतो. `sops` मध्ये प्रत्येकाची स्वतःची किल्ली असल्यास त्याची किल्ली `.sops.yaml` मधून काढून `sops updatekeys` चालवतात, परंतु त्यामुळे मूल्ये ज्या किल्लीने एन्क्रिप्ट होतात ती डेटा किल्ली बदलत नाही. ती फक्त उरलेल्यांसाठी नव्याने एन्क्रिप्ट होते. डेटा किल्ली `sops rotate` ने बदलली, तरी त्याच्याकडील जुनी क्लोन त्याच्या जुन्या किल्लीने उघडतेच. म्हणजे त्याला उघडता येत असलेल्या फाइलींतील प्रत्येक गुपित मुळातून बदलावे लागते, आणि त्याने त्यांपैकी काय पाहिले हे कळण्याचा मार्ग सहसा नसतो.

सीक्रेट मॅनेजरमध्ये परवानगी काढली की पुढचे वाचन थांबते, आणि ऑडिट लॉग चालू असल्यास त्याने कोणती मूल्ये मागितली हे दिसते, त्यामुळे बदलायची यादी आटोपशीर राहते. या लॉगवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण त्याने सर्व्हरवर जाऊन चालू प्रोसेसची चले `/proc/<pid>/environ` मधून वाचली असतील, तर लॉगमध्ये फक्त अ‍ॅपचेच नाव असते.

पासवर्ड बदलताना दोन्हीकडे एकच अडचण येते: पर्यावरण चले प्रोसेस सुरू होताना मिळतात, म्हणून नवे मूल्य साठवल्याने चालू अ‍ॅपला ते कळत नाही. जुना पासवर्ड लगेच रद्द केला, तर नव्या जोडण्या नाकारल्या जातात. समान अधिकारांचे दोन डेटाबेस वापरकर्ते ठेवावेत, निष्क्रिय असलेल्याचा पासवर्ड बदलावा, अ‍ॅप त्याच्याकडे वळवून पुन्हा सुरू करावे आणि मगच पहिल्याचा बदलावा.

माझ्या मते लहान संघाने स्टेजिंगसाठी `sops`, तेही प्रॉडक्शनपेक्षा वेगळ्या किल्लीने, वापरावे आणि प्रॉडक्शनसाठी मॅनेजर घ्यावा. त्याची किंमत अशी, की तो बंद पडला असता चालू अ‍ॅप सहसा तग धरते, पण नवी प्रत सुरू होत नाही. शिवाय अ‍ॅपला क्लाउडने दिलेली ओळख नसेल, तर मॅनेजरचे टोकन सर्व्हरवर ठेवावेच लागते, आणि तेथे त्याचा लाभ बराच घटतो.