को-फाउंडर व्हायला नकार: ‘बघू’, ‘नुसतं नाव लाव’ की सरळ ‘नाही’?

कॉलेजातल्या मित्राचा फोन येतो, “कंपनी काढतोय, तू को-फाउंडर हो.” तुमची इच्छा नाही, पण मैत्री टिकवायची आहे, असं गृहीत धरतो. अशा वेळी लोक तीनपैकी एक वाट धरतात. तिन्ही मी वापरल्या आहेत.

‘बघू, सध्या जरा धावपळ आहे’ ही सगळ्यात सोपी वाट. बोलताना कुणाचंच मन दुखत नाही. पण समोरच्याला ते ‘हो’सारखं ऐकू येतं. माझ्या एका वर्गमित्राने ‘बघू’ ऐकल्यावर गुंतवणूकदाराला दाखवायच्या सादरीकरणात ‘आमची टीम’ म्हणून माझा फोटो टाकला होता. त्यानंतर नकार देणं म्हणजे त्याला तिसऱ्या माणसासमोर तोंडघशी पाडणं. खरंच ठरत नसेल तर ‘पुढच्या रविवारी सांगतो’ म्हणावं आणि रविवारी सांगावं.

दुसरी वाट म्हणजे ‘काम तू कर, कागदावर माझं नाव लाव’. ही मोठ्या मनाची वाटते, आणि मागणीही बहुतेकदा इथूनच येते, कारण प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. मित्राला भागीदार हवा असतो की दुसरी सही, हे आधी विचारून घ्यावं. मी एकदा असं नाव दिलं. कंपनीत गैर काही नव्हतं, मित्रही सज्जन. पण माझी डिजिटल सही असलेला पेनड्राइव्ह त्याच्या सीएच्या ड्रॉवरमध्ये, आणि ओटीपी माझ्या मोबाइलवर. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना फोन यायचा, “अरे, ओटीपी सांग पटकन, पोर्टल लॉगआउट करतंय.” कशावर सही होतेय हे विचारलं की त्याला अविश्वास वाटायचा, न विचारता आकडा सांगितला की मला रात्री झोप नाही. आमच्यातल्या गप्पा संपून नुसते ओटीपी उरले. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

भीती अगदीच पोकळ नव्हती. वार्षिक विवरणं उशिरा गेली तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढतं. सलग तीन वर्षं ती भरलीच नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, मग तो ऑफिसात बसणारा असो वा नुसत्या नावाचा. २०१७ मध्ये सरकारने अशा तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवलं होतं. बाहेर पडतानाही राजीनामा देऊन भागत नाही. संचालक बदलल्याचं कळवणारा DIR-12 हा फॉर्म कंपनीने भरेपर्यंत सरकारी पोर्टलवर नाव तसंच दिसत राहतं. म्हणजे पुन्हा मित्राच्या मागे लागणं आलं.

तिसरी वाट सरळ नकाराची. पुढे दुसऱ्या एकाने, बेदाणे पॅक करून ऑनलाइन विकायच्या धंद्यात तीस टक्के देऊ केले, पहिलं दीड वर्ष पगार नाही. इथे एक गोष्ट जपावी लागते: सोडवता येईल असं कारण पुढे करायचं नाही. ‘घराचा हप्ता आहे’ म्हटलं की धंदा काढायला निघालेला माणूस लगेच उत्तर शोधतो, “हप्त्यापुरता पगार काढू ना!” त्यालाही नाही म्हटलं की आधीचं कारण खोटं वाटतं. मी म्हणालो, “अरे, हप्ता आहेच, पण तो नसता तरी मी आलो नसतो. मला हा धंदा पूर्णवेळ करायचा नाहीये. तू माझ्यासाठी थांबू नकोस.” हे फोनवर. मग दोन ओळींचा मेसेज, कारण फोनवरचं ‘नाही’ आठवडाभरात पातळ होतं.

सोबत मोजकी मदत देऊ केली, टक्केवारी न घेता: एक संध्याकाळ बसून किलोमागचा हिशेब तपासू. बसलो तेव्हा त्याने कुरिअर धरलं होतं, पण परत आलेल्या पार्सलांचा खर्च धरलाच नव्हता. दुसऱ्या सहीचं कोडंही तिथेच सुटलं. एकट्याला वन पर्सन कंपनी काढता येते; नॉमिनी म्हणून घरचं माणूस चालतं. मात्र तिच्यात भागधारक एकच असतो, त्यामुळे बाहेरच्याला हिस्सा द्यायचा झाला की रूपांतर करावं लागतं. त्याने शेवटी मेव्हण्याला संचालक केलं.

थोडे दिवस तो तुटक बोलत होता, हे सांगायला हवं. सरळ नकाराचा तेवढा तोटा आहे. तुमचा मित्र फारच हळवा असेल, किंवा तुमच्यात आधीच उसनवारी असेल, तर फोनऐवजी समोर बसून बोललेलं बरं. पण ‘नुसतं नाव’ या वाटेला जायचंच असेल, तर निदान सहीचा पेनड्राइव्ह स्वतःच्या घरी ठेवा.