माळ, नाम की बाबा? सोलापुरात गुरू शोधणाऱ्यासाठी

सोलापुरात गुरू शोधायला फार फिरावं लागत नाही. शेजारी कुणीतरी माळकरी असतो, नात्यात कुणाच्या तरी घराण्याचा मठ असतो, अक्कलकोट चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि मंगल कार्यालयात भरणाऱ्या शिबिराचा निरोप व्हॉट्सॲपवर येतच असतो. या सगळ्या ठिकाणी आपण ‘गुरू’ हाच शब्द वापरतो, पण प्रत्येक ठिकाणचं नातं वेगळं आहे आणि त्यातले धोकेही वेगळे आहेत. नातं कशा प्रकारचं जोडायचं आहे हे आधी ठरलं, तर माणूस पारखणं बरंच सोपं जातं.

मुंडक उपनिषदाने गुरूच्या दोन खुणा सांगितल्या आहेत: तो श्रोत्रिय असावा, म्हणजे परंपरेकडून रीतसर शिकलेला, आणि ब्रह्मनिष्ठ असावा, म्हणजे ब्रह्माच्या ठायी स्थिर झालेला. यातली दुसरी खूण साधकाला बाहेरून तपासता येत नाही. समोरचा माणूस आतून कुठे पोहोचला आहे, हे नवख्याला कळायचा काही मार्ग नाही. डोळ्यांतलं तेज, भजनात आलेलं रडू, ध्यानात दिसलेला प्रकाश, यांतलं काहीच त्याचा पुरावा होत नाही. हे अनुभव खरे असू शकतात, पण ते तुमचे असतात, गुरूच्या पात्रतेचे नव्हेत. तपासता येतं ते एवढंच: तो कुणाकडून शिकला, तुम्हाला करायला काय देतो, बदल्यात काय मागतो आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर कसा वागतो.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात, गुरुलक्षणाच्या समासात, सुरुवातीलाच करामती दाखवणाऱ्यांना बाजूला काढलं आहे. लोक त्यांनाही गुरू म्हणतात, पण ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत, असं ते स्पष्ट सांगतात. पुढे त्याच समासात म्हणतात, की जे शिष्याला साधनाला लावत नाहीत आणि इंद्रियदमन करवत नाहीत, असे गुरू आडक्याला तीन मिळाले तरी टाकावेत. आडका म्हणजे अगदी क्षुल्लक नाणं. साडेतीनशे वर्षांपूर्वीही हा बाजार भरत होता, हे त्यावरून कळतं.

वारकऱ्याची माळ

यात गुरूचा भार सगळ्यात हलका असतो. फडकरी, म्हणजे वारकऱ्यांच्या फडाचा प्रमुख, किंवा एखादा ज्येष्ठ वारकरी तुळशीची 108 मण्यांची माळ गळ्यात घालतो. ज्ञानेश्वरीवर माळ ठेवून ती उचलून घ्यायची, अशीही पद्धत आहे. मंत्र ‘रामकृष्ण हरी’, तो सगळ्यांना ठाऊक असलेला. नियमही उघड आहेत: मद्य-मांस सोडायचं, एकादशी करायची, ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे 27 अभंग रोज म्हणायचे आणि पंढरीची वारी चुकवायची नाही. गुप्त असं काही नसल्यामुळे माळ घालणाऱ्याला तुमच्यावर हक्क सांगायला जागाच उरत नाही. कीर्तनकार आवडला नाही तर दुसऱ्याचं कीर्तन ऐकावं. माळ तीच राहते.

तुकोबांचा गुरूपदेश या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. त्यांचे गुरू बाबाजी स्वप्नात येतात, डोक्यावर हात ठेवतात, मंत्र देतात आणि जेवणासाठी पावशेर तूप मागतात. तेही द्यायचं तुकोबा विसरतात. आपल्या हातून सेवा घडली नाही, ही खंत ते स्वतःच बोलून दाखवतात, गुरू मात्र हिशेब मागायला परत येत नाहीत.

उणीवही याच मोकळेपणात आहे. तुमचं मन कुठे अडकलं आहे, हे एकट्याला बसवून सांगणारं इथे सहसा कुणी नसतं. हरिपाठ म्हणताना मन भटकतं, अशी तक्रार केली तर ‘म्हणत राहा’ हेच उत्तर मिळतं. पुष्कळांना ते पुरतं, काहींना नाही.

नामाचा अनुग्रह

ज्यांना ते पुरत नाही, त्यांच्यासाठी या भागात निंबर्गी-इंचगिरीची परंपरा आहे. निंबर्गी महाराज, त्यांचे शिष्य उमदीचे भाऊसाहेब महाराज, त्यांच्याकडून 1901 साली नाम घेतलेले गुरुदेव रानडे, आणि दुसऱ्या शाखेत 1888 साली सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीत जन्मलेले सिद्धरामेश्वर महाराज. रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत आणि सोलापूर-विजयपूर रेल्वेमार्गावरच्या निंबाळला येऊन राहत. घरदार आणि पोटापाण्याचा उद्योग सांभाळून साधन करायचं, ही या परंपरेची रीत आहे. त्यामुळे ‘नोकरी सोड, आश्रमात ये’ असं या परंपरेच्या नावाने कुणी सांगू लागलं, तर तिथेच शंका घ्यावी.

इथे नाम खासगीत मिळतं आणि ते कुणाला सांगायचं नसतं. ठरलेल्या वेळी नेमाला बसायचं, भजन करायचं, दासबोध वाचायचा. नातं माळेपेक्षा जवळचं असतं, कारण नेमात येणारी अडचण गुरूला विचारायची असते आणि त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवायचा असतो. म्हणूनच इथे पारखही जास्त कसून करावी लागते.

पहिला प्रश्न अधिकाराचा. नाम मिळणं आणि दुसऱ्याला नाम देण्याची आज्ञा मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुरूने देह ठेवला की शाखा फुटतात आणि प्रत्येकजण आपल्याकडेच आज्ञा आहे असं म्हणू शकतो. सरळ विचारावं: ‘महाराज, नाम द्यायला आपल्याला कुणी सांगितलं, आणि त्या वेळी कोण हजर होतं?’ परंपरेतल्या माणसाला हा प्रश्न अपमान वाटत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याच्या वाटेत प्रणिपात, म्हणजे नमस्कार, आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न, म्हणजे खोदून विचारणं, आहे. ‘स्वप्नात आदेश झाला’ एवढंच उत्तर आलं तर मात्र थांबावं. तुकोबांनाही स्वप्नातच उपदेश झाला, हे खरं. पण त्यावर त्यांनी गुरूपण मिरवलं नाही.

गुप्ततेची हद्दही ओळखायला हवी. मंत्र गुप्त असणं परंपरेला धरून आहे. पैसे किती दिले, बंद खोलीत काय झालं, कुणाला काय सांगायचं नाही, हे गुप्त ठेवायला सांगणं कोणत्याच परंपरेत बसत नाही.

घराण्याचा मठ आणि देहात नसलेला गुरू

वीरशैव-लिंगायत घरांत बहुधा घराण्याचा मठ ठरलेला असतो. इष्टलिंग दीक्षा, डाव्या तळहातावर लिंग घेऊन रोजची पूजा, पंचाक्षरी मंत्र, हे सगळं संस्कार म्हणूनच मिळतं. अष्टावरणांत, म्हणजे भक्ताला राखणाऱ्या आठ गोष्टींत, गुरू पहिला आहे. पण गुरू वयाने मोठा किंवा आपलं कौतुक करणारा असावा, असा समज असेल तर सोलापूरच्याच, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची कथा आठवावी. तळं आणि देवळं बांधून ते नावारूपाला आले होते, तेव्हा शरण संत अल्लमप्रभू इथे आले आणि त्यांना वड्डर, म्हणजे दगडमातीचं काम करणारा, म्हणून हिणवलं. चिडलेले मजूर अंगावर धावून गेले. परंपरा सांगते, की पुढे आजच्या बसवकल्याणला सिद्धरामेश्वरांना दीक्षा दिली ती वयाने धाकट्या चन्नबसवण्णांनी. नामवंत माणसाचं कौतुक करून त्याला जवळ ओढणारा गुरू आणि त्याच्या कामातला अहंकार दाखवणारा गुरू, यांतला फरक इथे अगदी ठळक दिसतो.

अक्कलकोटच्या स्वामींनी 1878 साली समाधी घेतली. त्यांना गुरू मानणाऱ्याला फसवणुकीची भीती कमी, कारण मागणारं कुणी नाही. भीती असते ती मधल्या माणसाची. ‘स्वामी माझ्याकरवी बोलतात’ असं म्हणणारा भेटला, की तुमचा गुरू स्वामी राहत नाहीत, तो माणूस होतो. त्याला मग इतर कोणत्याही जिवंत गुरूइतकंच पारखावं.

शिबिरातला बाबा: एक उदाहरण

समजा, जुळे सोलापुरातली एक गृहिणी मैत्रिणीबरोबर सत्संगाला जाऊ लागली. पहिले तीन महिने सगळं फुकट. ध्यानाने झोप लागू लागली, घरातली चिडचिड कमी झाली. मग सांगण्यात आलं, की खरी दीक्षा वेगळी आहे, तिला 21 हजार लागतील, जागा थोड्या आहेत आणि गुरुपौर्णिमेच्या आत ठरवावं लागेल. नवरा कुरकुरला, तर ‘घरचेच आडवे येतात, हीच तुझी परीक्षा’ असं उत्तर मिळालं. पुढे रक्तदाबाची गोळीही ‘आता गरज नाही’ असं कुणीतरी म्हणालं.

इथे फायदा खोटा नाही, आणि फसतो तो माणूस त्यामुळेच. नियमाने शांत बसलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. त्यासाठी हाच गुरू हवा, असं मात्र त्यावरून ठरत नाही.

या बाईने वाद न घालता चार गोष्टी कराव्यात. पहिली, ‘या गुरुपौर्णिमेला जमणार नाही, पुढच्या वर्षी बघते’ असं म्हणावं. शिष्याला वर्षभर पाहूनच दीक्षा द्यावी, असं जुन्या दीक्षाग्रंथांत सांगितलं आहे, मग शिष्यानेही वर्षभर गुरूला पाहिलं तर त्याला राग येण्याचं कारण नाही. दुसरी, पैशांची छापील पावती मागावी. पावतीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक असावा. नोंदणी खरी आहे का आणि विश्वस्त कोण आहेत, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळतं. सगळे विश्वस्त एकाच घरातले निघाले, तर पैसा कुठे जातो हे विचारावं. तिसरी, सत्संग सोडून गेलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोलावं. सोडून गेलेल्यांशी बोलायलाच मनाई असेल, तर उत्तर मिळालंच. चौथी, गोळीबद्दल फक्त डॉक्टरांना विचारावं आणि ती बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

असं काही केलं की ‘शिव कोपला तर गुरू तारतो, गुरू कोपला तर कुणी तारत नाही’ हा गुरुगीतेतला श्लोक बहुधा ऐकवला जातो. तो शिष्याने आपल्या मनाशी धरायचा भाव आहे. गुरूने स्वतःबद्दल तो ऐकवला, तर ती धमकी होते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं आचार्योपासनेचं, म्हणजे गुरुसेवेचं, वर्णन याहून कितीतरी उत्कट आहे, पण ते शिष्याने लिहिलेलं आहे. निवृत्तिनाथांनी ते मागितलं नव्हतं.

चमत्काराचा दावा करून पैसे घेणं, किंवा अंगात शक्ती असल्याचं सांगून अथवा मागच्या जन्मीचं नातं जोडून शरीरसंबंध ठेवणं, हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच ते पन्नास हजार रुपये. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. आपण दीक्षा घेतली होती, म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.

मग निवड कशी करावी

घर-नोकरीत गुंतलेल्या आणि आधी कसलाच नेम न केलेल्या माणसाने हरिपाठापासून सुरुवात करावी, असं आमचं मत आहे. वारीत आठवडाभर चाललं, की कीर्तनकार, विणेकरी, चोपदार जवळून दिसतात. कोण कसा वागतो हे मुक्कामाच्या पंगतीत कळतं, व्यासपीठावरून नाही. सहा महिने हरिपाठ टिकला आणि तरीही बैठकीत मार्गदर्शन हवंसं वाटलं, तर नामाच्या परंपरेकडे जावं. सहा महिने हरिपाठच टिकला नसेल, तर अडचण गुरू नसल्याची नाही, आणि नाम घेऊनही तो नेम टिकणार नाही. घरात इष्टलिंग असेल तर दुसरीकडे जाण्याआधी त्याची रोजची पूजा काही महिने नीट करून पाहावी. बऱ्याच घरांत दीक्षा होते आणि पूजा राहून जाते. शिबिराला ध्यान शिकायला जायला हरकत नाही, पण तिथल्या शिक्षकाला फी देऊन शिक्षकच राहू द्यावं. त्याच्याकडून दीक्षा घ्यायची वेळ आली, तर वरच्या चारही गोष्टी करून, वर्षभर थांबून.