गल्ला रोज जुळत होता, तरी पैसे जात होते

दुकानात मदतनीस ठेवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. रात्री गल्ला मोजला, आकडा जुळला, म्हणजे चोरी नाही, असं बहुतेकजण धरून चालतात. आमच्याकडे गल्ला महिनोन्महिने जुळत होता आणि त्याच काळात पैसे जात होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा होऊ शकतात, तेच सांगते.

व्यवस्था साधी होती. दिवसभर काउंटरवर मदतनीस बसायचा, बिलं कॉम्प्युटरवर निघायची. रात्री तो दिवसाचा रिपोर्ट काढायचा, त्यात रोख विक्री किती आणि गल्ल्यात किती असायला हवेत ते दिसायचं. मग तो नोटा मोजायचा आणि माझ्यासमोर ठेवायचा. मी पुन्हा मोजायचे. आकडा तोच. रोजमेळात शिल्लक लिहिली की दिवस संपला.

खटकलं ते आमचे हिशेब बघायला येणाऱ्या काकांना. रोजमेळाची पानं उलटत त्यांनी विचारलं, "यात कमी-जास्त कुठेच कसं नाही?" मी जरा अभिमानानेच म्हटलं, काउंटरवरचा मुलगा चोख आहे. ते म्हणाले, "ताई, दिवसभर सुट्टे देणारा माणूस कधी दहा जास्त देतो, कधी वीस कमी घेतो. रोज पैशापैशाला जुळतंय म्हणजे कुणीतरी जुळवतंय."

तेव्हा मला ते संशयी म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं. पण डोक्यातून गेलं नाही. एका दुपारी मुलगा जेवायला निघाला तेव्हा मी म्हटलं, थांब, आपण दोघं आत्ता गल्ला मोजू. सकाळी सुट्ट्यांसाठी ३,००० ठेवले होते. तोवरची रोख बिलं ९,४६० ची. त्यातले ५,००० मी मधे काढून नेले होते आणि तशी चिठ्ठी गल्ल्यात होती. म्हणजे असायला हवेत ७,४६०. निघाले ८,६००. कमी नव्हते, ११४० जास्त होते! तो लगेच म्हणाला, "ताई, एका गिऱ्हाइकाचे उरलेले द्यायचेत, ते परत येणार आहेत." गिऱ्हाईक कोण, बिल कोणतं, याचं उत्तर नव्हतं. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही.

गल्ल्यात जास्त पैसे निघाले तर मालक निश्चिंत होतो, तूट आली तर घाबरतो. नेमकं उलट करायला हवं. बिल न करता माल विकला की पैसे गल्ल्यातच टाकले जातात, कारण गिऱ्हाइकासमोर खिशात घालणं अवघड. दिवसभरात असे पैसे साचतात. रात्री रिपोर्टवरचा आकडा बघायचा, तेवढे गल्ल्यात ठेवायचे, वरचे काढून घ्यायचे. मग माझ्यासमोर येणारा गल्ला जुळणारच. म्हणजे रोज रात्री आमचा कॉम्प्युटरच त्याला सांगत होता की किती काढलेस तरी चालेल. दुपारी अचानक मोजल्यावर साचलेले पैसे सापडले, कारण ते काढायची वेळ अजून झाली नव्हती.

म्हणून पहिला बदल मोजण्याच्या क्रमात केला. दिवसाचा रिपोर्ट पासवर्डखाली गेला, काउंटरवर तो दिसत नाही. काउंटरवरचा माणूस आधी मोजतो आणि एका छापील चिठ्ठीवर तपशील लिहितो: कोणत्या नोटा किती, नाणी किती, एकूण किती. त्यातून सकाळचे सुट्टे वजा करतो, सही करतो आणि चिठ्ठी माझ्या हातात देतो. मी त्याच्यासमोर पुन्हा मोजते, माझी सही करते. त्यानंतरच मी रिपोर्ट उघडते. चिठ्ठी पेनाने लिहायची, खाडाखोड झाली तर नवी घ्यायची आणि जुनीही मागे टाचायची. नोटांचा तपशील मागायचं कारण असं की नुसती एकूण रक्कम कुणीही डोक्यातून लिहू शकतो, पण कोणत्या नोटा किती हे मोजल्याशिवाय लिहिता येत नाही.

मग रोजमेळात जिवंतपणा आला. कधी दहा कमी, कधी पाच जास्त. आणि थोड्याच दिवसांत दुसरी गोष्ट दिसली. गल्ल्यातल्या नाण्यांच्या एका रिकाम्या कप्प्यात रबरबँड पडलेले असायचे. सकाळी एकही नसायचा, दुपारी तीन-चार, संध्याकाळी आणखी. नोटांच्या गड्ड्यांना लावायचे म्हणावेत तर ते डबीत वेगळे होतेच. एकदा संध्याकाळी सहा रबरबँड मोजले आणि त्याला बाजूला बसवून गल्ला मोजला. ६२० जास्त. स्क्रीनवरचा आकडा बंद झाल्यावर त्याने स्वतःचा हिशेब ठेवायला सुरुवात केली होती, शंभराला एक रबरबँड. काका म्हणाले, कुणी वेगळी नाणी ठेवतं, कुणी टाचण्या, कुणी कागदाच्या घड्या. गल्ल्यात विनाकारण रोज दिसणारी आणि रोज संख्या बदलणारी कुठलीही वस्तू बघा.

आता किरकोळ खर्चाची पेटी. गल्ल्यातली चोरी सापडल्यावर काकांनी व्हाउचरचा गठ्ठा मागवला आणि टेबलावर तारखेप्रमाणे पसरला. मला त्यात काही दिसलं नाही. त्यांनी मालवाहतुकीच्या पावत्या तेवढ्या बाजूला काढल्या आणि कोपऱ्यातल्या छापील क्रमांकांवर बोट ठेवत गेले: ४१, ४२, ४३, ४४. पहिली आणि शेवटची यांच्यात काही आठवड्यांचं अंतर. म्हणजे त्या वाहतूकवाल्याकडे एवढ्या काळात आमच्याशिवाय एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं! पावतीपुस्तक आमच्याच मुलाच्या दप्तरात होतं, हे उघड होतं. तारखा वेगळ्या, शाई वेगळी, अक्षरही थोडं वळवलेलं. क्रमांक बदलायचं तेवढं राहिलं.

आणखी एक कुरिअरची पावती दोनदा लागली होती. पहिल्यांदा पैसे दिल्यावर ती तशीच फाइलमध्ये गेली, तिच्यावर कुठलीच खूण नव्हती, म्हणून ती काढून पुन्हा लावता आली.

तेव्हापासून पेटीचा नियम असा. त्यात ठरावीक २,००० असतात आणि गल्ल्यातून कुठलाही खर्च होत नाही, दहाचाही नाही. पेटी कधीही उघडली तरी आतली रोख आणि व्हाउचर मिळून २,०००च भरले पाहिजेत. रोख ७३० उरली असेल तर व्हाउचर १,२७० ची हवीत. पेटी पुन्हा भरताना मी तेवढेच १,२७० देते, गोल आकडा कधीच नाही, कारण गोल आकडा दिला की ही बेरीज तुटते आणि मग काय गेलं ते शोधता येत नाही. व्हाउचरवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, कशासाठी, कुणाला दिले आणि घेणाऱ्याची सही. आकड्याच्या आधी १ चिकटवता येतो, अक्षरांत ते जमत नाही. पैसे दिले की मी व्हाउचर आणि त्यामागची पावती दोन्हींवर आडवी रेघ मारून ‘दिले’ लिहिते. नुसती व्हाउचरवर पुरत नाही, पावतीवरही रेघ हवी, कारण दुसऱ्यांदा वापरली जाते ती पावती.

तुटीबद्दल एक सांगायला हवं, कारण इथे बरेच मालक अडाणीपणा करतात. दहा-वीस कमी आले की पगारातून कापायचे. त्याने चोर थांबत नाही, प्रामाणिक माणूस मात्र बिघडतो. जास्त आलेले वीस तो सांगत नाही, उद्याच्या तुटीसाठी बाजूला ठेवतो. एकदा असा वेगळा साठा तयार झाला की त्यातला कोणता पैसा चुकून आलेला आणि कोणता चोरीचा हे कुणालाच कळत नाही. आमच्याकडे छोटी कमी-जास्त रक्कम फक्त वहीत लिहिली जाते. मी बघते ती महिन्याची ठेवण. वही कोरी राहिली तरी विचारते, एकाच्या पाळीत सतत एकाच बाजूला झुकली तरी विचारते. पाळी बदलताना मोजणी होते, दोघांच्या सह्या होतात. एका गल्ल्यावर दोघं बसले तर तूट कुणाचीच नसते.

बिलंही आता माझ्या पासवर्डशिवाय रद्द होत नाहीत. बिल द्यायचं, पैसे घ्यायचे, गिऱ्हाईक गेल्यावर बिल रद्द करायचं, हा जुना प्रकार आहे.

या सगळ्याने काय पकडता येत नाही तेही लिहिते. गल्ल्यात न पडता थेट खिशात गेलेला पैसा कुठल्याही मोजणीत दिसत नाही. तो दिसतो फक्त मालात. म्हणून रोज पाच वस्तू मोजते, लहान, पटकन खपणाऱ्या, खिशात मावणाऱ्या. कोणत्या पाच ते सकाळी मी ठरवते, आदल्या दिवशी कुणाला सांगत नाही. आमच्या नोंदीत एका वस्तूचे ४० नग होते, रॅकवर ३१. मधले नऊ बिलाशिवाय गेले. हेही सगळं दोघं मिळून करत असतील, एक विकणारा आणि एक मोजणारा, तर उशिराच कळतं. मोजणारी जोडी अधूनमधून बदलावी लागते.

मुलाला समोर बसवून विचारलं तेव्हा तो रडला, काही कबूल केलं, बरंचसं नाही. पैसे परत मिळाले नाहीत. एकूण किती गेले हे मी सांगू शकत नाही, कारण जुन्या दिवसांच्या मोजणीवर कुणाच्या सह्याच नव्हत्या आणि जुळलेल्या गल्ल्यातून चोरी मागे जाऊन मोजता येत नाही. काकांनी एकच अंदाज काढून दिला. तो मुलगा रजेवर असलेले दिवस आणि कामावर असलेले दिवस वेगळे करून त्यांनी रोख विक्रीची सरासरी मांडली. रजेच्या दिवसांची जास्त होती, शिवाय तेव्हा काउंटरवर माणूसही नवखा होता. आता दरवर्षी प्रत्येकाला सलग आठवडाभर रजा सक्तीची आहे, आणि त्या आठवड्याची रोख विक्री मी आधीच्या महिन्याशेजारी लिहून ठेवते.