पुण्यातल्या घरचा व्हीपीएन, म्युनिकमध्ये वापर: आठ महिन्यांचा अनुभव

म्युनिकला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या भारतीय बँकेच्या संकेतस्थळाने लॉगिन नाकारले. व्यावसायिक व्हीपीएनचा भारतातील आयपी पत्ताही चालला नाही. असे पत्ते माहिती-केंद्रांच्या नावावर असतात आणि ते सहज ओळखू येतात. म्हणून पुण्याच्या घरी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवून त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर बसवले, आणि आता बँकेला दिसतो तो आमच्या घरच्याच ब्रॉडबँडचा पत्ता.

जोडणी अर्ध्या तासात झाली, पण ती चालू व्हायला चार दिवस गेले. राउटरमध्ये यूडीपी 51820 हे पोर्ट पायकडे वळवले होते, तरी `wg show` मध्ये `latest handshake` ही ओळ काही उमटेना, म्हणजे पॅकेट घरापर्यंत पोहोचतच नव्हते. बाबांना राउटरच्या पानावरचा WAN पत्ता वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा तो 100.72 ने सुरू होणारा निघाला. 100.64 ते 100.127 हा पट्टा सेवादात्याच्या अंतर्गत वापराचा असतो. अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात आणि बाहेरून कोणाच्या घरी थेट शिरता येत नाही. वर्षाकाठी वेगळे पैसे भरून स्थिर पत्ता घेतला, तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला.

दुसरी चूक माझीच होती आणि ती दोन महिने लक्षात आली नाही. उबुंटूच्या लॅपटॉपवर, कोणती वाहतूक व्हीपीएनच्या बोगद्यातून न्यायची हे ठरवणाऱ्या `AllowedIPs` मध्ये फक्त `0.0.0.0/0` लिहिले होते, त्यामुळे आयपीव्ही4 पुण्याहून जात होते, पण आयपीव्ही6 सरळ जर्मनीतून. परिणामी बँकेचे एक पान उघडे आणि दुसरे अडे. मी उगाच बँकेला दोष देत होतो. पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दोन्ही पत्ते तपासल्यावर उलगडा झाला आणि ओळ अशी केली:

```
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

आमच्या घरी आयपीव्ही6 नाही, त्यामुळे ती पॅकेट बोगद्यातच संपतात आणि ब्राउझर निमूटपणे आयपीव्ही4 कडे वळतो. पाने काहीशी संथ उघडतात, पण बँकेच्या कामाला तेवढे पुरते. व्हिडिओ मात्र या वाटेने पाहू नयेत, कारण तो सगळा भार घरच्या अपलोडवर पडतो.

या सोयीने ओटीपीचा प्रश्न सुटत नाही. संदेश भारतीय सिमवरच येतो, त्यामुळे रोमिंग चालू ठेवणे भाग आहे. तसेच अनिवासी झाल्यावर निवासी बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचे खाते, करून घ्यावे लागते. घरचा आयपी पत्ता दिसतो म्हणून ते टाळता येत नाही, आणि मी ते आधीच करून घेतले आहे.

जूनमध्ये वीज गेली, राउटर पुन्हा उठला पण पायचे मेमरी कार्ड बिघडले, आणि बाबांनी फोनवर माझ्या सूचना ऐकत दुसरे कार्ड घातले. तेव्हापासून पाय इन्व्हर्टरवर आहे आणि तयार केलेले एक जादा कार्ड टीव्हीखालच्या खणात ठेवलेले आहे.