परीक्षेच्या हॉलसाठी साधं घड्याळ : काही महिने वापरल्यानंतर

मी जळगावला राहून राज्यसेवेची तयारी करते. गेल्या पावसाळ्यापासून परीक्षेसाठी आणि अभ्यासिकेतल्या सराव पेपरसाठी एकच घड्याळ वापरतेय. पांढरी डायल, काळे आकडे, तीन काटे, सेलवर चालणारं, प्लास्टिकची बॉडी आणि रबरी पट्टा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचा आवाज अगदी वेगळा निघतो, त्यामुळे नावावरून कुणाला काही ठरवता येणार नाही.

आधी नियमाचं. स्मार्टवॉच सगळीकडेच बंद आहे. यूपीएससी साधं मनगटी घड्याळ चालवून घेते. नीटला मात्र कुठलंच घड्याळ आत नेता येत नाही. त्यामुळे दरवेळी हॉल तिकिटामागच्या सूचना वाचूनच घड्याळ बांधावं. आकडे दाखवणारं साधं डिजिटल घड्याळ मी आधीच बाद केलं होतं. एक तर गेटवर त्याच्यावरून वाद होतो. दुसरं म्हणजे त्यात दर तासाला वाजणारी बीप असते. ती बंद केली तरी बटण चुकून दाबलं गेलं की पुन्हा चालू होऊ शकते, आणि काही मॉडेलांत बटण दाबल्याचा आवाज बंद करायची सोयच नसते. डायलमध्ये छोट्या छोट्या चकत्या असलेलं जाडजूड घड्याळही टाळावं. ते साधंच असलं तरी तपासणारा माणूस ते उलटंपालटं करून बघत बसतो.

आता आवाज. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दल.

सेलच्या घड्याळात दर सेकंदाला एक छोटी मोटर काट्याला एक पाऊल पुढे ढकलते आणि गपकन थांबवते. टिकटिक होते ती या धक्क्याची. पण मशीन एकटं फार आवाज करत नाही. त्याचा आवाज मोठा करते ती बॉडी, आणि त्याहून जास्त मोठा करतो तो बाक. घड्याळ मनगटावर असताना कातडी आणि मांस तो धक्का पिऊन टाकतात. तेच काढून लाकडी बाकावर ठेवलं की पूर्ण फळी वाजू लागते, आणि शेजारच्या बाकावरचा माणूस मान वळवून बघतो. उन्हाळ्यात पंख्यांच्या घरघरीत हे कळत नाही. जानेवारीच्या थंडीत पंखे बंद असतात, हॉल चिडीचूप असतो, आणि नेमकं तेव्हा ते टोचतं.

म्हणून दुकानात घड्याळ कानाला लावून काही समजत नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला पहिल्यांदा तेच सांगितलं, "टेबलवर ठेईसन आयक ताई." त्यांनी दोन घड्याळांची मागची झाकणं उघडून दाखवली. दोन्हींत मियोटा २०३५ हेच जपानी मशीन होतं, स्वस्त घड्याळांत नेहमी सापडणारं. एकाची बॉडी पोकळ, झाकण पातळ पत्र्याचं आणि मशीनभोवती मोकळी जागा. दुसऱ्यात मशीन प्लास्टिकच्या कड्यात घट्ट बसवलेलं. लाकडी काउंटरवर पहिलं हातभर अंतरावरून ऐकू येत होतं, दुसरं कान अगदी जवळ नेल्यावर. मी दुसरं घेतलं. तुम्हाला झाकण उघडून बघायची गरज नाही. दुकानातला पंखा मिनिटभर बंद करायला सांगा, घड्याळ लाकडावर पालथं ठेवा आणि हातभर लांबून ऐका.

आजोबांचं चावीचं एचएमटी जनता घेऊन परीक्षेला बसणारी मुलंही मी पाहिली आहेत. सुरेख घड्याळ आहे, पण त्याचा ठोका सेकंदाला पाच वेळा पडतो. ते मनगटावरच ठेवावं, बाकावर नको.

सेकंद काटा नसलेलं दोन काट्यांचं घड्याळ आणखी शांत असतं, कारण त्याची मोटर दर सेकंदाला हलत नाही. तरी मी ते घेतलं नाही. पेपर चालू असताना ते बंद पडलं तर दोन-तीन मिनिटं पत्ताच लागत नाही. सेकंद काटा दिसला की घड्याळ चालू आहे हे एका नजरेत कळतं. आवाज जवळजवळ नसेल तर तीन काटेच बरे, असं माझं ठाम मत आहे.

डायलवर साठही मिनिटांच्या रेघा हव्यात. हल्ली देखण्या घड्याळांत बाराच ठिपके असतात, आणि मग १२ वाजून ३७ झाले की ३९ हे अंदाजाने ठरवावं लागतं. माझा पहिला पेपर १०० प्रश्नांचा, दोन तासांचा. मी २५ प्रश्नांमागे २५ मिनिटं धरते. पेपर ११ ला सुरू झाला तर मिनिट काटा ५ वर, १० वर, मग ३ वर आणि शेवटी ८ वर येईल तेव्हा एकेक टप्पा संपलेला असायला हवा. १२ वाजून ४० ला प्रश्न संपतात आणि सोडून दिलेल्यांसाठी वीस मिनिटं उरतात. आकडे ठळक असले तर हे बघायला डोकं लागत नाही, काटा कुठे आहे तेवढंच दिसतं.

काही जण पेपर सुरू होताना घड्याळ बारावर लावतात, म्हणजे दोन वाजले की वेळ संपली. मला ते पटत नाही, कारण पर्यवेक्षक खरी वेळ सांगतात आणि मग मनात दोन घड्याळं चालू राहतात. मी परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवरून वेळ लावते. सेकंद काटा बारावर आला की चावी बाहेर ओढायची, म्हणजे तो तिथेच थांबतो. मग मिनिट काटा हव्या त्या रेघेच्या थोडा पुढे नेऊन परत नेमका रेघेवर आणायचा, आणि मोबाइलवर ते मिनिट सुरू होताच चावी दाबायची. एवढं केलं नाही तर मिनिट काटा दोन रेघांच्या मध्ये राहतो आणि एका मिनिटाचा घोळ कायमचा चालू राहतो.

आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाने घड्याळ चुकतं का, हे बऱ्याच जणी विचारतात. आतला क्वार्ट्झचा स्फटिक साधारण २५ अंशांना सगळ्यात अचूक असतो आणि त्याहून तापला की मंद होतो. पण ४५ अंशांतही फरक दिवसाला एखाद्या सेकंदाचाच पडतो. परीक्षेसाठी तो शून्यच समजा. घाम मात्र त्रास देतो. चामड्याचा पट्टा दोन महिन्यांत कडक होतो आणि वास मारतो. स्टीलचा पट्टा लिहिताना बाकाला खडखडतो. रबरी पट्टा धुता येतो. माझ्या पट्ट्याची कड आता जरा चिरली आहे, बाकी तो ठीक आहे.

सेल बदलताना सिल्व्हर ऑक्साइडचाच मागा. माझ्या घड्याळाला एसआर६२६एसडब्ल्यू लागतो. त्याच मापाचा स्वस्त अल्कलाइन सेल, म्हणजे एलआर६२६, सहज खपवला जातो, पण त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि घड्याळ मागे पडू लागतं. सिल्व्हर ऑक्साइड शेवटपर्यंत सारखा दाब देतो. काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंद काटा दोन-चार सेकंदांची एकदम उडी मारू लागतो. माझ्या घड्याळात ती सोय नाही, म्हणून मुख्य परीक्षेच्या महिनाभर आधी मी सेल बदलूनच घेणार आहे.