ट्रे स्वस्त म्हणून घेतला आणि अंडे महाग पडले

मी घरातून डबे देते आणि आठवड्याला अंड्यांचे चार ट्रे घेते. गल्लीच्या दुकानात डझनाला 84 रुपये, म्हणजे अंड्याला 7 रुपये पडतात. स्कूटरवरून माल पोहोचवणाऱ्या एका विक्रेत्याने 30 अंड्यांचा ट्रे 195 रुपयांना देऊ केला. अंडे साडेसहा रुपयांना पडते, म्हणून मी लगेच होकार दिला.

चारही ट्रे एकावर एक रचून सुतळीने बांधलेले असत. विक्रेता सर्वांत वरचा ट्रे दाखवी, त्यातली अंडी निर्दोष असत आणि मी पैसे देऊन टाकी. तिसऱ्या आठवड्यात अंडाकरीसाठी अंडी उकडायला घेतली, तेव्हा तडे गेलेल्या कवचांतून पांढरा भाग पाण्यात पसरू लागला. मग मी उरलेले प्रत्येक अंडे उचलून पाहिले. वरच्या ट्रेमध्ये एकही तडा नव्हता, पण खालच्या तिघांत मिळून 11 अंडी तडकलेली निघाली आणि त्या प्रत्येकाचा तडा खालच्या बाजूला होता.

फोन केल्यावर उत्तर मिळाले, "ताई, वाटेत हादरे बसतात, थोडी फुटायचीच." मला ते पटले नाही, कारण त्यातल्या काही अंड्यांच्या कवचावर पांढरा भाग गळून वाळलेला होता, पण ज्या खळग्यात ती बसली होती तो पुठ्ठा मात्र कोरडा आणि स्वच्छ होता. अंडे त्याच ट्रेमध्ये फुटले असते, तर डाग पुठ्ठ्यावरही पडला असता. ती अंडी दुसरीकडे फुटली होती आणि नंतर निवडून, तडा खाली करून, माझ्या ट्रेमध्ये बसवली होती.

हिशेब केला तेव्हा जास्तच वाईट वाटले. चार ट्रेचे 780 रुपये दिले आणि 120 पैकी 109 अंडी चांगली मिळाली, म्हणजे एक अंडे सुमारे 7 रुपये 16 पैशांना पडले. तीच 109 अंडी दुकानातून 763 रुपयांत आली असती, आणि दुकानदार प्रत्येक अंडे हातात घेऊन पाहू देतो. या भावांत ट्रेमागे दोन अंडी फुटली तरी अंडे 6 रुपये 96 पैशांना पडते. तिसरे फुटले की 7 रुपये 22 पैसे होतात. तुमच्याकडचे भाव वेगळे असतील, तर ट्रेच्या किमतीला डझनातल्या एका अंड्याच्या किमतीने भागावे. किमान तेवढी अंडी धड निघाली तरच ट्रे परवडतो. कवचाला नुसती चीर गेली असेल आणि आतला पापुद्रा शाबूत असेल, तर ते अंडे त्याच दिवशी नीट शिजवून भुर्जीत वापरता येते, पण माझ्या डब्यांत अख्खे उकडलेले अंडे लागत असल्याने माझ्यासाठी ते वायाच जाते. गळके अंडे तर कोणीच ठेवू नये.

आता मी पैसे देण्याआधी सुतळी सोडायला लावते. भरलेल्या ट्रेवर रिकामा ट्रे पालथा ठेवते, दोन्ही घट्ट धरून उलटे करते आणि वर आलेला मूळ ट्रे उचलते, म्हणजे तीसही अंड्यांची खालची बाजू एकदम समोर येते. त्या विक्रेत्यासमोर मी हे पहिल्यांदा केले, तेव्हा दुसऱ्याच ट्रेमध्ये चार तडे दिसले. तो काही न बोलता ट्रे घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही.