कायम झालेल्या इतिवृत्तातली चूक: खाडाखोड की पुढच्या सभेत दुरुस्ती?

ठराव क्र. 4 च्या बाजूने 12 मतं पडली, इतिवृत्तात 21 लिहिलं गेलं आणि पुढच्या सभेत ते तसंच कायमही झालं. (वाचून कोण दाखवतं!)

सचिवाने मूळ पानावरच आकडा बदलला तर काम मिनिटात होतं. पण सभेने मान्य केलेला, अध्यक्षांची सही असलेला मजकूर मग उरत नाही आणि आधी वाटलेल्या प्रती पानाशी जुळत नाहीत.

मी दुसरी वाट धरेन. येत्या सभेत ठराव मांडून ‘अमुक तारखेच्या इतिवृत्तात, ठराव क्र. 4 मध्ये 21 ऐवजी 12 वाचावे’ अशी नोंद करायची. मूळ पान जसंच्या तसं. फार तर समासात या नोंदीचा संदर्भ. मात्र याने फक्त नोंद सुधारते. निर्णयच बदलायचा असेल, तर स्वतंत्र ठराव लागतो.